भाड्याच्या पावत्या आणि कोरा सिबिल

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एका तरुणाचं उदाहरण घेऊ. पगार २४,००० रुपये, भाडं ९,०००, लाइट बिल आणि मोबाइल मिळून साधारण १,५००. एकही हप्ता कधी चुकलेला नाही, पण कर्ज किंवा क्रेडिट कार्डही कधी घेतलेलं नाही. त्यामुळे सिबिलच्या अहवालात गुणांच्या जागी ‘NH’, म्हणजे इतिहासच नाही.

घरभाडं आणि वीजबिल वेळेवर भरल्याची नोंद आपल्याकडे सहसा सिबिलपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे त्यातून स्कोअर तयार होईल, या भरवशावर राहू नये.

मग उपयोग शून्य? तसंही नाही. कर्ज देणारा बँक स्टेटमेंट मागतोच. एक तारखेला पगार जमा, पाच तारखेला घरमालकाला यूपीआयने ९,०००, मग बिलं, आणि महिनाअखेर काही शिल्लक, असं सहा महिने दिसलं की तीनेक हजारांचा हप्ता झेपेल का, याचा अंदाज त्याला बांधता येतो. तेच भाडं रोखीत दिलं, तर स्टेटमेंटवर दिसतात फक्त एटीएममधून काढलेले पैसे. वीजबिल तर बहुधा घरमालकाच्याच नावावर असतं! म्हणून नोंदणीकृत भाडेकरार जवळ ठेवावा आणि बिल स्वतःच्या खात्यातून भरावं.

खरा स्कोअर मात्र कर्जाच्या परतफेडीतूनच बनतो. त्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घेऊन, थोडं वापरून दरमहा पूर्ण फेडणं हा मला सर्वांत स्वस्त मार्ग वाटतो.