पाटकरी तात्या आणि पोन्तेदेराची नातवंडं

बारामतीत पियाजिओचा तीनचाकी रिक्षांचा कारखाना आहे आणि त्या कंपनीचं मुख्यालय इटलीत, पिसाजवळच्या पोन्तेदेरा गावात. या दोन गावांमध्ये माणसांची थोडी ये-जा असते. अशाच एका कुटुंबाची लेक नवऱ्याच्या नोकरीमुळे पोन्तेदेराला गेली आणि तिथलीच झाली. तिच्या मुलानं तिथल्या मुलीशी लग्न केलं. आता घरात मराठी समजते, पण नातवंडांना ती वाचता येत नाही आणि सुनेच्या माहेरच्यांना तर मुळीच कळत नाही. लेकीचे वडील, सगळ्यांचे तात्या, वारले. बारामतीतल्या नातवानं त्यांच्यासाठी मराठीत श्रद्धांजली लिहिली आणि इटालियनमध्ये उतरवायला माझ्याकडे दिली. त्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे, नावं मात्र देत नाही.

तात्या निरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. मराठी मसुद्यात यापुढे खुलाशाची गरज नव्हती, कारण ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या शेतात त्यांनीच पाणी सोडलेलं. त्यातला गाभ्याचा परिच्छेद असा होता: ‘रात्रीची पाळी असली की तात्या कंदील घेऊन चारीवर जायचे. कुणाच्या वस्तीवर चहाला थांबायचे नाहीत. ज्याचा चहा घ्यावा त्याचं पाणी अर्धा तास लांबतं, असं म्हणायचे.’

पहिल्या खर्ड्यात मी हे जसंच्या तसं इटालियनमध्ये नेलं आणि तोस्कानातल्या एका मैत्रिणीला वाचून दाखवलं. तिला पुस्तक-कागद न पाहता परत सांगायला लावलं. ती म्हणाली, ‘आजोबा रात्री फिरायला जात, घाईत असत, म्हणून चहा घेत नसत.’ वाक्यं सगळी बरोबर होती आणि माणूस पार हरवला होता. भाषांतर फसलंय का हे ओळखायची मला माहीत असलेली ही सर्वांत खात्रीची रीत आहे. ऐकणाऱ्याला गोष्ट उलट सांगायला लावावी. तो कुठलं कारण चुकीचं सांगतो, त्यावरून मजकुरात काय राहून गेलंय ते कळतं.

इथे राहून गेलं होतं पाण्याचं गणित. आपल्याकडे कालव्याला पाणी बारमाही वाहत नाही, आवर्तनानं सुटतं. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो, मग शेजपाळीनं, म्हणजे ओळीनं, एकामागून एक शेताला ठरलेला वेळ पाणी मिळतं. वरच्या शेतकऱ्यानं अर्धा तास जास्त ओढला, तर चारीच्या टोकाला, टेलला, ज्याचं शेत आहे त्याच्यापर्यंत पाणी पोचतच नाही. म्हणजे तात्यांनी नाकारलेला चहा हा टेलच्या माणसाचा अर्धा तास होता. हे समजल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

इटालियनमध्ये यासाठी एक तयार शब्द सापडला होता. उत्तरेकडच्या पो नदीच्या खोऱ्यात पाटाच्या पाण्याची राखण करणाऱ्याला ‘काम्पारो’ म्हणतात. मी तो वापरला नाही. तोस्कानात तो ओळखीचा नाही आणि जिथे ओळखीचा आहे तिथे त्यामागे दुसरंच चित्र उभं राहतं. त्यापेक्षा ‘तात्या सरकारी कालव्याचे राखणदार होते, पाणी ओळीनं मिळायचं, शेवटच्याला मिळतं की नाही ते त्यांच्यावर होतं’ अशी साधी तीन वाक्यं घातली. त्यांना जागा करायला दुसरीकडची विशेषणं काढली. ‘प्रामाणिक’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘करारी’ हे शब्द गेले. नातवाला आधी ते जड गेलं, पण चहाचा परिच्छेद नीट उतरला की त्या शब्दांचं काम तोच करतो.

ही अदलाबदल आणखी एका कारणानं लागली. मराठीत आदर व्याकरणातच आहे. ‘तात्या जायचे’ म्हटलं की त्या अनेकवचनानं माणूस आपोआप उंचावर बसतो. इटालियनमध्ये आजोबांबद्दल बोलताना क्रियापद एकवचनीच असतं, शेजाऱ्याबद्दल असतं तसंच. समोरच्याशी आदरानं बोलायचं तर ‘लेई’ आहे, पण श्रद्धांजलीच्या शेवटी नातू तात्यांनाच हाक मारतो, ‘तात्या, तुम्ही...’ अशी. तिथे ‘लेई’ घातलं असतं, तर आजोबा पोस्टमास्तर झाले असते. तिकडे नातवंडं आजोबांना ‘तू’ म्हणतात. शब्दही आपल्यासारखाच, ‘तू’. बारामतीच्या नातवानं हा ‘तू’ ऐकला तेव्हा तो थोडा दचकला. त्याला सांगितलं की पोन्तेदेराचा तुझा आतेभाऊ आयुष्यभर तात्यांशी फोनवर मराठीत ‘तुम्ही’ बोलला आणि मनातल्या मनात इटालियनमध्ये ‘तू’. दोन्ही खरंच आहे. इटालियन मजकुरात ‘तू’ ठेवला आणि आदर सगळा प्रसंगांवर सोपवला.

काळांचा प्रश्न त्यामानानं सुखाचा होता. मराठी श्रद्धांजली बहुतेक ‘जायचे, म्हणायचे, थांबायचे’ यावर चालते आणि इटालियनमध्ये नेमका तसाच रीतिभूतकाळ आहे, इम्पेरफेत्तो. पण 1972 च्या दुष्काळातला एकच प्रसंग होता. सख्ख्या भावानं पाळी आधी मागितली आणि तात्यांनी त्याचं नाव यादीत होतं तिथेच ठेवलं. अशा घडून संपलेल्या गोष्टीसाठी इटालियनमध्ये दोन भूतकाळ आहेत. मिलानकडचे लोक बोलताना जवळचा भूतकाळ वापरतात, दूरचा पुस्तकी वाटतो. तोस्कानात मात्र दूरचा भूतकाळ, पास्सातो रेमोतो, बोलण्यातही जिवंत आहे. म्हणून दुष्काळाचा प्रसंग दूरच्या भूतकाळात गेला. ‘तात्या गेले’ हे वाक्य मात्र जवळच्या भूतकाळातच हवं होतं. दूरच्यात लिहिलं, तर ते कुणा पणजोबांच्या पणजोबांबद्दल वाटलं असतं.

‘देवाज्ञा झाली’साठी तिकडच्या शोकपत्रकांत ‘पित्याच्या घरी परतले’ असं एक रूढ वाक्य असतं. ते पूर्णपणे ख्रिस्ती आहे, तात्यांच्या तोंडी-गळ्यात तुळशीची माळ होती. ‘गेले’ एवढंच पुरलं. ‘तेराव्या दिवशी’ हेही तसंच ठेवलं. कॅथलिकांत तिसाव्या दिवशी स्मरणाची प्रार्थना असते, पण तो दिवस आपला नाही.

मग वाचनाची तयारी. मराठी मसुदा साडेपाच मिनिटांचा होता. इटालियनमध्ये उपपदं आणि शब्दयोगी तुकडे वेगळे लिहावे-बोलावे लागतात, खुलाशांचीही भर पडली, आणि तो आठ मिनिटांकडे गेला. दोन्ही पूर्ण वाचले असते, तर इटलीकडची मंडळी अर्धा वेळ नुसती बसून राहिली असती. म्हणून नातू मराठी परिच्छेद वाचणार आणि लगेच सून इटालियन परिच्छेद वाचणार असं ठरलं. 1972 सोडून बाकीचे दोन प्रसंग दोन्हीकडून काढले. हिवाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे सकाळची शोकसभा संध्याकाळी घेतली.

सुनेसाठी वेगळा कागद केला, कारण रोमन लिपीतली आपली नावं इटालियन माणूस आपल्या रीतीनं वाचतो. इंग्रजी वळणानं लिहिलेला ‘च’ त्यांच्याकडे ‘क’ होतो, ‘ह’ उच्चारलाच जात नाही आणि जेजुरीतला ‘जे’ भलताच होतो. तिच्या कागदावर जेजुरी इटालियन वर्णमालेच्या नियमानं लिहिली, ‘जी’ अक्षरापासून. ती नीट ‘जेजुरी’ म्हणाली.

सभा संपल्यावर सुनेच्या वडिलांनी लेकीमार्फत एकच प्रश्न विचारला: त्या वर्षी भावाचं शेत टेलला होतं की मध्ये? नातवाला माहीत नव्हतं. आजीला होतं. मध्ये होतं, ती म्हणाली, आणि त्याच्या उसाला पाणी तिसऱ्या रात्री मिळालं.