इंग्रजीतला 'ना'

"उद्या सुट्टी आहे ना?" "आई गेली ना?" "तू पोहतोस ना?" क्रियापद बदलो, काळ बदलो, आपला 'ना' जागचा हलत नाही. इंग्रजी बोलताना आपण असाच एक हुकमी 'ना' शोधतो आणि हाताशी लागतो 'इझन्ट इट'. मग "यू आर कमिंग टुमॉरो, इझन्ट इट?" असं सर्रास ऐकू येतं. समोरच्याला अर्थ कळतो, पण परीक्षेत गुण जातो; तिथं हवं असतं 'आरन्ट यू'.

इंग्रजी वाक्याचं हे शेपूट मागे वळून पाहतं. वाक्यातलं साहाय्यक क्रियापद उचलायचं, होकार असेल तर नकार आणि नकार असेल तर होकार करायचा, नामाच्या जागी सर्वनाम ठेवायचं. "राधा कॅन स्विम, कान्ट शी?" साहाय्यक दिसतच नसेल, तर वर्तमानात 'डू' किंवा 'डझ', भूतकाळात 'डिड' येतं: "युअर ब्रदर लिव्ज इन पुणे, डझन्ट ही?" 'आय ॲम लेट'पुढे मात्र नियमाप्रमाणे 'ॲमन्ट आय' यायला हवं, पण प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही, 'आरन्ट आय' म्हणतात. नियम करणाऱ्यांनीच नियमाला बगल दिली म्हणायची!

चुका होतात त्या लपलेल्या गोष्टींमुळे. "हीज सोल्ड द हाउस" घ्या. 'हीज' दिसलं की हात आपोआप 'इझन्ट ही' लिहितो. पण आक्रसलेलं रूप उलगडून वाचा. घर त्यानं विकलंय, म्हणजे 'ही हॅज सोल्ड'. शेपूट 'हॅझन्ट ही'. तेच "हीज सेलिंग द हाउस" असतं, तर 'इझन्ट ही' बरोबर.

नकारही असाच दडून बसतो. "शी हार्डली स्पीक्स टू एनीवन" यात 'नॉट' कुठंच नाही, म्हणून पुष्कळजण पुढे 'डझन्ट शी' जोडतात. पण 'हार्डली' म्हणजे जवळजवळ नाहीच. वाक्य आधीच नकारी आहे, तेव्हा शेपूट होकारी: 'डझ शी'. 'नेव्हर', 'सेल्डम', 'नोबडी' याच जातीचे. 'नोबडी' एकवचनी असूनही शेपटात 'दे' घेतो: "नोबडी कॉल्ड, डिड दे?"

एवढं जमलं तरी उत्तर देताना मराठी माणूस फसतो. कुणी विचारतं, "यू हॅवन्ट ईटन, हॅव यू?" आपण मनात म्हणतो, 'हो, नाही जेवलो', आणि तोंडातून 'येस' निघतं. आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतला 'येस' मात्र जेवण झाल्याचं सांगतो. तेव्हा पोटात कावळे ओरडत असतील, तर ठणकावून "नो, आय हॅवन्ट" म्हणा. नुसत्या 'येस'वर ताट वाढलं जाणार नाही.