बोअर कुठे थांबला?

जमीन तपासणीचा अहवाल, म्हणजे बोलीभाषेतला सॉइल रिपोर्ट, हातात आला की बहुतेकांची नजर थेट शेवटच्या पानावरच्या एसबीसीवर जाते. दर चौरस मीटरला जमीन किती टन भार सुरक्षितपणे पेलेल, तो हा आकडा. पण पायाचा निर्णय पक्का करण्याआधी खरं वाचायचं असतं ते मधल्या पानांवर, बोअर लॉगमध्ये. प्रत्येक बोअरमध्ये किती खोलीवर काय लागलं आणि बोअर कुठे थांबला, हे तिथेच कळतं.

पुण्यातल्या पुनर्विकासात नेहमी दिसणारी परिस्थिती घेऊ. जुनी इमारत उभी असतानाच तपासणी झाली, त्यामुळे मशीनला आत जागा मिळाली नाही आणि तिन्ही बोअर कुंपणालगतच्या मोकळ्या पट्ट्यात घेतले गेले. नवी इमारत जिथे उभी राहणार, त्या मधल्या जागेखाली काय आहे हे कोणी पाहिलेलंच नाही. तिथे जुनी बुजवलेली विहीरही असू शकते. अहवालातला बोअरच्या जागांचा नकाशा आणि नव्या इमारतीचा आराखडा एकावर एक ठेवला की ही उणीव लगेच दिसते.

त्यानंतर खोली. अहवाल लिहिला तेव्हा पाया दोन मीटरवर धरला होता. पुढे पार्किंगसाठी दोन तळघरं ठरली आणि पाया साडेसात मीटरवर गेला. बोअर मात्र नऊ मीटरवर संपले आहेत. सहा मीटरला कातळ लागला आणि कातळात तीन मीटर जाऊन थांबायचं, असं काम ठरलं होतं. फूटिंग तीन मीटर रुंद असेल, तर पायाखाली साधारण रुंदीच्या दीडपट, म्हणजे साडेचार मीटर, जमीन तपासावी असा संकेत आहे. म्हणजे तपासणी बारा मीटरपर्यंत हवी. इथे पायाखालची दीड मीटरच माहीत आहे.

आणि तीही नीट माहीत नाही. कातळात मशीन गोल गाभा कापून वर आणते. सहा ते साडेसात मीटरच्या टप्प्यात 85 टक्के गाभा हाती आला. साडेसात ते नऊ या टप्प्यात 40 टक्केच आला, म्हणजे दीड मीटरपैकी फक्त 60 सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज जेमतेम 15 सेंटिमीटर, म्हणजे आरक्यूडी 10 टक्के. लॉगमध्ये दोन्ही टप्प्यांपुढे ‘बेसॉल्ट’ एवढंच लिहिलं आहे. मग उरलेले 90 सेंटिमीटर गेले कुठे?

दख्खनचा कातळ लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला आहे. दोन थरांच्या मध्ये कित्येकदा तांबडा मातकट पट्टा असतो. हवा-पाणी लागलं की तो मऊ पडतो आणि बोअरच्या पाण्याबरोबर धुऊन जातो, म्हणून गाभ्याच्या पेटीत तो दिसत नाही. अर्थात गाभा फुटण्याचं कारण भेगाळ कातळ किंवा हलकं यंत्र हेही असू शकतं. म्हणून ड्रिलिंगच्या नोंदी मागायच्या: परतीच्या पाण्याचा रंग तांबडा झाला का, मशीन एकदम खाली सरकली का? पेटीचे फोटोही पाहायचे.

मला सर्वांत धोकादायक वाटते ती बाब वेगळीच आहे. दाबाच्या चाचणीला अखंड तुकडा लागतो, आणि तो मिळाला 6.4 मीटरवरून. प्रयोगशाळेत त्याची ताकद उत्तम भरली आणि एसबीसीला तोच आधार झाला. पण तो कातळ तळघरासाठी खोदून बाहेर टाकला जाणार आहे. इमारत बसणार ती त्याखालच्या, न तपासलेल्या थरावर. चाचणीच्या प्रत्येक नमुन्याची खोली पायाच्या खोलीशी ताडून पाहिली, तरच हे लक्षात येतं.

पाण्याचंही तसंच. बोअर मे महिन्यात घेतले आणि अहवाल म्हणतो, ‘पाणी आढळले नाही’. पावसाळ्यात पाणी जमिनीखाली अडीच मीटरपर्यंत चढलं, तर तळघराच्या फरशीवर पाच मीटर पाण्याचा दाब खालून येतो, चौरस मीटरला पाच टन. वीस सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या फरशीचं वजन जेमतेम अर्धा टन. हा दाब हिशेबात धरलेला नसेल, तर फरशी उचलली जाते आणि तडकते. म्हणून बोअरमध्ये जाळीदार पाइप ठेवून पावसाळ्यानंतर पातळी पुन्हा मोजली पाहिजे.

अशा अहवालावर एसबीसी थोडा कमी धरून पुढे जाणं हा उपाय नव्हे. किती कमी धरायचा, हे ठरवायला आधारच नसतो. जुनी इमारत पाडून जागा मोकळी झाली की मध्यभागी आणि जड खांबांच्या जागी नवे बोअर घ्यावेत, किमान बारा मीटरपर्यंत, गाभा सांभाळून आणणाऱ्या दुहेरी नळीच्या यंत्राने. सोसायटीच्या सभासदांनी हे काम करारातच लिहून घ्यावं, आणि त्याचा अहवाल येईपर्यंत पायाच्या नकाशांना संमती देऊ नये.