ईएमआय की लीज?

कोथरूड ते हिंजवडी, रोज दीड तास. अप्रेझल झालं, पगार वाढला आणि बाइकवाल्या मित्राने ठरवलं, बस्स, आता गाडी! बँक म्हणते लोन घ्या. एचआर म्हणतं लीजवर घ्या, महिन्याला 27 हजार, त्यात इन्शुरन्स-सर्व्हिसिंग सगळं आलं, डाऊन पेमेंट शून्य. ऐकायला झक्कास! पण जरा कॅल्क्युलेटर काढा.

समजा, गाडी ऑन-रोड 12 लाखांची. खिशातले 2 लाख भरले आणि 10 लाखांचं लोन 9 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी घेतलं. हप्ता बसतो साधारण 20,760 रुपये. पाच वर्षांत बँकेला जातात साडेबारा लाखांच्या जरासे आत. पुढच्या चार वर्षांचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग आणि एकदा टायर यांचे पावणेदोन लाख धरा. डाऊन पेमेंट मिळवून झाले 16 लाख 20 हजार. आणि लीजचे 27 हजार गुणिले 60? तेही 16 लाख 20 हजारच!

म्हणजे बरोबरी? छे! लोन फिटल्यावर गाडी तुमच्या दारात उभी असते. ती साडेपाच लाखांना विकली, तर खरा खर्च राहतो 10 लाख 70 हजार. डाऊन पेमेंटवरचं बुडालेलं व्याज धरलं तरी सव्वाअकराच्या पुढे जात नाही. लीजवाला मात्र किल्ली परत देऊन रिक्षा शोधतो.

मग लीज घेतं कोण? 30 टक्क्यांच्या स्लॅबमधले लोक. कंपनीच्या लीजचं भाडं टॅक्स कापण्याआधीच पगारातून वजा होतं आणि गाडीच्या सोयीपोटी एक छोटी ठरावीक रक्कम तेवढी उत्पन्नात धरली जाते. महिन्याला सातेक हजार वाचले, तर खर्च 12 लाखांवर येतो. त्यात करारात शेवटी गाडी अडीच लाखांना विकत घ्यायची सोय असेल, तर तीच साडेपाचला विकून हिशेब 9 लाखांवर! तेव्हा एचआरला हप्ता नंतर विचारा, आधी विचारा, ‘शेवटची किंमत किती आणि ती लेखी आहे का?’ किंमत बाजारभावाने ठरणार असेल, तर हा फायदा गेलाच. खालच्या स्लॅबमध्ये असाल, तर लीजचं नावच काढू नका.

आणि हो, जॉब बदलायचा विचार आहे? दोन वर्षांनी पेपर टाकलात की गाडीचं काय, हे करारातलं कलम बघा. नवी कंपनी लीज पुढे चालवत असेल तर ठीक. नाहीतर उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा फुल अँड फायनलमधून कापला जाऊ शकतो. लोनवाल्याचा हप्ता मात्र तोच राहतो, ऑफिस हिंजवडीत असो की खराडीत. आमच्या मित्राने तीन वर्षांत दोन कंपन्या बदलल्यात. त्याने बँकेचा फॉर्म भरला.