पिवळा दिवा लागला की बळी सेन्सरचाच का?

मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, की सिडकोपासून बजाजनगरपर्यंत कुठल्याही गॅरेजात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘ओटू सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ गाडी अजून स्टँडवर नीट चढलेली नसते, स्कॅनर जोडलेला नसतो, पण निदान तयार! वाळूजला १९८५ पासून दुचाकी बनतात. त्यांचे सुटे भाग ओतणारी, कापणारी, जोडणारी हजारो माणसं याच शहरात राहतात. तिथेही हा समज इतका पक्का असावा, याचं नवल वाटतं आणि रागही येतो. कारण या वाक्यापोटी गिऱ्हाइकाचे दोन-तीन हजार सहज जातात आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो.

आधी हा सेन्सर करतो काय ते बघू. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आला. पेट्रोल किती सोडायचं हे आता ईसीएम ठरवतो. आपला अंदाज बरोबर होता की चुकला, हे त्याला बेंड पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाचं टोपण असतं. त्याच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर तिथे वीज तयार होते. पेट्रोल जास्त झालं तर साधारण ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१ व्होल्ट. हे काम टोक तीनशे-साडेतीनशे अंश तापल्यावरच नीट सुरू होतं, म्हणून गार गाडीत ईसीएम त्याचं ऐकतच नाही. पूर्ण रेस दिली तरी ऐकत नाही. तेव्हा तो स्वतःजवळच्या तक्त्यावर चालतो. सेन्सरचा शब्द चालतो तो आयडलिंगला आणि एका लयीत गाडी चालत असताना.

यातली मेख अशी, की सेन्सर बातमी देतो, ती घडवत नाही. ‘मिश्रण पातळ आहे’ असं तो सांगतो तेव्हा बहुतेक वेळा तिथे खरंच जास्त ऑक्सिजन असतो. तो कुठून आला, हे शोधण्याऐवजी आपण पोस्टमनलाच घरी बसवतो.

एक गाडी सांगतो. दीडशे सीसीची, बीएस-६, मालक हडकोतून रोज वाळूजच्या कंपनीत जाणारा. ॲव्हरेज ४८ वरून ३९ वर आलं आणि दिवा लागला. एका गॅरेजात नवा सेन्सर टाकला, दिवा विझला. आठवड्याभरात पुन्हा लागला. मग ‘पार्ट डुप्लिकेट असेल’ म्हणून दुसरा टाकला. पुन्हा तेच. दिवा मधल्या काळात विझला याचंच सगळ्यांना समाधान, पण तो सेन्सरमुळे विझलेलाच नव्हता. पार्ट बदलताना स्कॅनरने जुना कोड पुसला होता. तोच दोष एकाहून अधिक फेऱ्यांत पुन्हा दिसल्याशिवाय ईसीएम सहसा दिवा लावत नाही. तेवढे दिवस सगळे खूश.

या गाडीत स्कॅनरवर P0171 होता. त्याचा अर्थ ‘मिश्रण पातळ’. सेन्सरच्या सर्किटचे कोड निराळे असतात: P0130 ते P0133, आणि हीटरचा P0135. ते आले तरी आधी वायर आणि कपलर बघायचे, कारण बेंड पाइपला टेकून वितळलेली वायर हुबेहूब मेलेल्या सेन्सरसारखी वागते. P0171 मात्र सेन्सरविरुद्धची तक्रार नाही, ती सेन्सरने केलेली तक्रार आहे. एवढा फरक वाचायला पाच मिनिटं लागतात.

मग स्पार्क प्लग काढला. काळाकुट्ट, कोरड्या काजळीचा. म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त जात होतं आणि सेन्सर सांगत होता हवा जास्त आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असेल, तर जास्तीची हवा इंजिनातून आलेली नाही. ती पाइपात बाहेरून शिरली आहे. आता सेन्सर जिवंत आहे का, हे तपासायचं. गाडी चांगली तापवून, कपलर न सोडता, सिग्नलच्या वायरला डिजिटल मल्टिमीटर लावला. आयडलिंगला आकडा खालीच, ०.१ च्या आसपास. रेस तीन हजारांच्या पुढे नेली तेव्हा थोडा हलायला लागला. एअर फिल्टरच्या तोंडाशी कार्ब क्लीनरचा एक छोटा फवारा मारला, तर आकडा क्षणात ०.८ वर. मेलेला सेन्सर अशी उडी मारत नाही. (मीटर व्होल्टवरच ठेवायचा. सिग्नलच्या वायरवर ओहम मोजायला जाल, तर चांगला सेन्सर तुमच्याच हातून जाईल.)

गळती सापडली इंजिनाच्या तोंडाशी, बेंड पाइपच्या गास्केटला. गाडी रात्रभर गार ठेवून सकाळी चालू केली आणि पहिल्या मिनिटात जोडावर साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडे आले. जवळच काजळीची बारीक रेघही होती. काही महिन्यांपूर्वी कुठल्याशा कामासाठी सायलेन्सर उतरवला होता आणि बसवताना जुनंच, चेपलेलं गास्केट लावलं होतं. लोकांना पटत नाही ते इथे: गळतीतून धूर बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? एका सिलिंडरच्या गाडीत धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यामागे पाइपात क्षणभर दाब कमी होतो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. आयडलिंगला हे जास्त होतं, रेस वाढली की कमी. म्हणून तर तीन हजारांपुढे आकडा हलला. ती हवा सेन्सरवर जाते, तो ‘पातळ’ म्हणतो, ईसीएम इमानेइतबारे पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज नऊने उतरतं. नवं गास्केट शंभराच्या आतलं. दोन्ही नट आळीपाळीने सारखे आवळले, कोड पुसला, ईसीएमने शिकलेलं जुनं गणित स्कॅनरवरून रीसेट केलं. काम संपलं.

म्हणजे सेन्सर कधी मरतच नाही का? मरतो. इंजिन ऑइल जाळत असेल तर त्याच्यावर थर बसतो. हेड खोलल्यावर कुणी सढळ हाताने साधा सिलिकॉन गास्केट-गोंद फासला, तर त्याची वाफ सेन्सरचं तोंड बंद करते. कपलरमध्ये ग्रीस भरणं हाही एक प्रेमळ घात आहे: बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या तारांमधल्या पोकळीतूनच मिळते. पण वयाने मरायला तो बराच वेळ घेतो. बॉशने १९७६ मध्ये असा सेन्सर पहिल्यांदा मोटारींसाठी बाजारात आणला. हीटर नसलेल्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरलाही ही कंपनी ५० ते ८० हजार किलोमीटरचं आयुष्य सांगते. तो आकडा मोटारींचा आहे, दुचाकीत हादरे आणि चिखल जास्त. तरी बारा हजार चाललेल्या गाडीत ‘वयाने गेला’ हे ऐकून घेऊ नका. खरोखर थकलेला सेन्सर आधी मंद होतो. आयडलिंग वरखाली होतं, चाळीस-पन्नासच्या लयीत गाडी हलके हिसके देते, पेट्रोल जास्त पिते. टॉप स्पीड मात्र जवळपास तसाच राहतो, कारण पूर्ण रेसमध्ये त्याला कुणी विचारतच नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं दुखणं नेमकं उलटं. बेंड पाइपात किंवा सायलेन्सरच्या पोटात बसवलेली ही धातूच्या पत्र्याची जाळी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. अडीचशे-तीनशे अंशांपुढे तापल्यावर ती कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचा निकाल लावते. ती चोंदली तर आयडलिंग ठीक, गल्लीत गाडी ठीक, पण साठ-सत्तरच्या पुढे दम नाही. खुलताबादहून म्हैसमाळचा चढ लागला की रेस पूर्ण पिळूनही गाडी चढत नाही आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं. जाळी तुटली असेल तर गार सायलेन्सरवर रबरी हातोडीने ठोकल्यावर आत खडखड वाजतं. खात्रीची सोपी परीक्षा एकच: त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचा सायलेन्सर लावून तोच चढ चढून बघा.

ही जाळी आपणहून क्वचित चोंदते. वरची हडकोची गाडी आणखी काही महिने तशीच चालली असती, तर जादा पेट्रोल आणि फटीतली हवा दोन्ही जाळीत जाऊन पेटली असती आणि पत्रा वितळला असता. प्लग मिसिंग करतोय आणि मालक तशीच रेटतोय, हाही तोच प्रकार. म्हणून चोंदलेली कॅट बदलण्याआधी ती कशाने चोंदली ते विचारा, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल.

‘कॅट काढून टाका, गाडी मोकळी होते, ॲव्हरेज वाढतं’ हा दुसरा लाडका समज. चोंदलेली काढली तर गाडी मोकळी होणारच, त्यात कॅटचा दोष नाही. चांगली काढली तर पेट्रोलचं प्रमाण तेच राहतं, कारण सेन्सर जाळीच्या अलीकडे बसलेला असतो. ॲव्हरेज वाढायला कारणच उरत नाही. मोठ्या रेसला किंचित फरक पडेल, आवाज भरपूर वाढेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली ध्वनी आणि हवेच्या प्रदूषणाच्या मानकांचा भंग केला तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन्सही तीन महिने जातं. सेन्सरच्या जागी बसवायची ती ‘डमी’ तर पेट्रोल वाढवूनच गाडी मऊ करते. मऊ होते हे खरं. पैसे पंपावर जातात.

आता बाकीचे समज भराभर.

‘सगळं ई-२० पेट्रोलमुळे.’ नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली आहे. ४८ चे ३९ होणं म्हणजे जवळपास १९ टक्के. उरलेल्या टक्क्यांचा हिशेब गाडीतच शोधा.

‘दिवा नाही, म्हणजे कॅट ठीक.’ दुचाकींत कॅटवर नजर ठेवणारी ओबीडी-२ बी व्यवस्था एप्रिल २०२५ पासूनची आहे. त्याआधीच्या गाडीत कॅट वितळली तरी दिवा गप्प बसू शकतो.

‘पीयूसी मिळालं, म्हणजे कॅट ठीक.’ पेट्रोल दुचाकीचं पीयूसी आयडलिंगला होतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजतच नाहीत.

‘सेन्सर पेट्रोलने धुऊन, ब्रशने घासून चालू होतो.’ काजळी नुसती वरवर असेल तर इंजिन नीट केल्यावर ती आपोआप जळून जाते. सिलिकॉनचा थर घासून निघत नाही. घासल्यावर निघतं ते बाहेरचं संरक्षक आवरण.

‘जुना सायलेन्सर भंगारच, राहू द्या इथेच.’ कॅटमध्ये पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं आणि भंगारवाला तिचा भाव लोखंडाच्या भावाने करत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. बिलाबरोबर जुना पार्ट मागून घ्या.