रेझ्युमेतील व्हिसाची एक ओळ

अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याकडे बहुधा एफ-१ व्हिसा आणि ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित कामाची १२ महिन्यांची परवानगी असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मान्य पदव्यांना ती आणखी २४ महिने वाढवता येते. मात्र कंपनी ई-व्हेरिफाय व्यवस्थेत नोंदलेली असावी लागते.

रेझ्युमेत नुसते ‘एफ-१ व्हिसा’ लिहिणे अपुरे ठरते, कारण त्यावरून उमेदवार आज काम करू शकतो की नाही हे कळत नाही. समजा, शिकागोतील विद्यार्थ्याच्या परवानगीपत्रावर ३० जून २०२७ ही तारीख आहे. त्याने नाव-पत्त्याखाली लिहावे : ‘ओपीटीवर ३० जून २०२७ पर्यंत कामाची परवानगी, स्टेम मुदतवाढीस पात्र, ऑस्टिनला स्थलांतरास तयार, रुजू होण्यास तीन आठवडे.’ ‘कुठेही येईन’ यापेक्षा शहर आणि मुदत सांगणे अधिक विश्वासार्ह वाटते. पासपोर्ट किंवा व्हिसाचा क्रमांक मात्र कधीच देऊ नये.

खरी गफलत अर्जात होते. तिथे दोन वेगळे प्रश्न असतात : कामाची कायदेशीर परवानगी आहे का, आणि आता किंवा पुढे प्रायोजकत्व लागेल का? ओपीटीनंतरही तिथेच नोकरी करण्यासाठी एच-१बी लागणार असेल, तर दोन्हींचे उत्तर ‘हो’ येते. दुसऱ्याला ‘नाही’ लिहिल्यास मुलाखती मिळतीलही, पण खरे उघड झाल्यावर हातातली नोकरी जाऊ शकते.