चालू खात्यातून एका फाइलने पगार

पाच-सात कामगारांच्या छोट्या कारखान्यात दर महिन्याला पाच-सात वेगळे व्यवहार न करता सगळे पगार एका फाइलने देता येतात. बँकेच्या व्यावसायिक नेट बँकिंगमध्ये त्यासाठी एकत्रित पेमेंटची सोय असते. फाइल हा एक साधा तक्ता असतो. एका कामगाराची एक ओळ, आणि तीत खाते क्रमांक, आयएफएससी, रक्कम, नाव आणि शेरा. रकान्यांचा क्रम प्रत्येक बँकेचा वेगळा असल्याने नमुना फाइल आपल्याच बँकेकडून घ्यावी लागते.

सांगलीतील एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. तिथे चार पुरुष आणि एक महिला कामाला आहेत. पुरुषांचे पगार २२,०००, १८,५००, १६,००० आणि १४,५०० रुपये, महिलेचा १२,००० रुपये. महाराष्ट्रात या पगारांवर पुरुषांना महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर लागतो, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० रुपयांपर्यंत तो माफ आहे. फेब्रुवारी सोडून इतर महिन्यांत एकूण ८३,००० रुपयांतून ८०० रुपये वजा होऊन फाइलची बेरीज ८२,२०० रुपये येते. ही बेरीज आधी पगारपत्रकावर काढून ठेवतात, कारण पुढे ती दोनदा पडताळायची असते.

फाइलच्या ओळी साधारण अशा दिसतात:

```
N,00123456789012,18300.00,ABCD0123456,EMP01,SALARY JUN
I,00987654321098,12000.00,,EMP05,SALARY JUN
```

पहिल्या ओळीतला कामगार दुसऱ्या बँकेचा खातेदार आहे, त्यामुळे रक्कम एनईएफटीने जाते. दुसऱ्या ओळीतील खाते मालकाच्याच बँकेतले असल्याने बँक ती आतल्या आत वळती करते. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य आणि उरलेली सहा शाखेची.

फाइल बिघडते ती बहुधा एक्सेलमध्येच. तिथे खाते क्रमांक टाइप केला की सुरुवातीची शून्ये गळून पडतात आणि लांबलचक आकडा `1.23457E+11` असा दिसू लागतो. सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा तर शून्यच होऊन बसतो. म्हणून क्रमांक भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घेतात. जपून ठेवलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये पुन्हा उघडून जतन केली, तर हाच बिघाड परत होतो. त्यामुळे शेवटची पाहणी नोटपॅडमध्ये करणे चांगले.

चुकलेला क्रमांक इतका महाग का पडतो, ते एनईएफटीच्या पद्धतीवरून कळते. रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून. नाव जुळले नाही म्हणून ती अडत नाही. तो क्रमांक अस्तित्वातच नसेल, तर पैसे परत येतात. तो दुसऱ्या कुणाचा असेल, तर पगार त्याच्या खात्यात जातो आणि तो परत मिळवणे त्या माणसाच्या संमतीवर अवलंबून राहते. बेरीज बरोबर असली तरी ही चूक उघड होत नाही, कारण बेरीज फक्त रकमा तपासते. म्हणून नवा कामगार लागला की पासबुकावरून क्रमांक घेऊन आधी एक रुपया पाठवतात आणि तो मिळाल्याची खात्री झाल्यावरच त्याची ओळ फाइलमध्ये घालतात. क्रमांकावरून खातेदाराचे नाव पाहण्याची सोयही आता नेट बँकिंगमध्ये मिळते.

फाइल चढवल्यावर पडद्यावर ओळींची संख्या आणि एकूण रक्कम दिसते. इथे पाच ओळी आणि ८२,२०० रुपये, हे पगारपत्रकाशी जुळले पाहिजे. त्यानंतर मंजुरी. फाइल चढवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी व्यवस्था बँका देतात. हिशेबनीस चढवतो, मालक ओटीपी देऊन मंजूर करतो. खात्यात तेवढी शिल्लक आणि बँकेचे शुल्क हवे, नाहीतर बँकेच्या नियमानुसार काही ओळी किंवा अख्खी फाइल नाकारली जाते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालते आणि दर अर्ध्या तासाला तिचा एक गट निघतो. तरीही मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असल्याने, परत आलेली रक्कम पुन्हा पाठवायला दोन-तीन दिवस हाती ठेवलेले बरे.

काही वेळाने बँकेचा स्थिती अहवाल येतो. त्यात यशस्वी ओळींपुढे यूटीआर क्रमांक असतो आणि फसलेल्या ओळींपुढे कारण. चार ओळी गेल्या आणि १५,८०० रुपयांची एक परत आली, तर चूक दुरुस्त करून त्या एकाच ओळीची नवी फाइल चढवायची. जुनी फाइल तशीच पुन्हा चढवली, तर उरलेल्या चौघांना दुप्पट पगार जातो. परत आलेली रक्कम खात्यात वेगळी नोंद म्हणून जमा होते. ती त्या कामगाराच्या नावावर दाखवून आणि यूटीआर क्रमांक पगारपत्रकात प्रत्येकापुढे लिहून महिन्याचा हिशेब मिटवतात.